मायक्रोवेव्हमधला भात उतू जातो आणि तरीही कणी राहते: काय काय तपासायचं

नाशिकच्या इंदिरानगरला माझं पीजी आहे. आठ खोल्या, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एक सामाईक ओटा आणि त्यावर एक मायक्रोवेव्ह. गॅस मी मुद्दाम ठेवलेला नाही. त्यामुळे दर जूनमध्ये नवी मुलं आली की पंधरा दिवसांत कुणीतरी दारात उभं राहतं: "काकू, मशीन गेलंय बहुतेक. भात होतच नाही." दहा वर्षांत ही तक्रार इतक्यांदा निस्तरली आहे की आता मी आधी मशीनकडे बघतच नाही, मुलाच्या हातातल्या भांड्याकडे बघते.

मशीन खरोखर बिघडलं असं या सगळ्या काळात दोनदाच झालं. बाकी वेळी दोष मशीनच्या मोडमध्ये, भांड्यात, झाकणात, वेळ लावण्यात, नाहीतर विजेत होता. त्याच क्रमाने लिहिते. फुकटात आणि दोन मिनिटांत होणारं आधी, खर्चाचं नंतर.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा दोन गोष्टी एकदम दिसतात:

- चार-पाच मिनिटांत पांढरा फेस वर येतो, काठावरून उतू जातो आणि फिरत्या काचेच्या ताटलीवर पेजेचं तळं साचतं.
- पाणी आटलेलं दिसतं, पण शीत चेपून पाहिलं तर आत कणी लागते.
- कडेचा भात कडक आणि वाळका, मधला गिच्च.
- काल जमला तोच भात आज त्याच वेळात कच्चा.
- आतून चटचट आवाज, ठिणगी किंवा जळका वास.

पहिली तीन लक्षणं असतील तर मशीन जवळजवळ नक्की ठीक आहे. चौथं असेल तर थोडं खोलात जावं लागेल. पाचवं असेल तर मशीन लगेच बंद करा आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

१. मशीन कुठल्या मोडवर आहे?

हसू नका, पण चारातली एक तक्रार इथेच संपते. हल्ली बऱ्याच मशिनवर मायक्रोवेव्ह, ग्रिल, कन्व्हेक्शन आणि त्यांचं मिश्रण असे मोड असतात. आधीच्याने पाव शेकला आणि ग्रिल तसंच राहिलं, तर वरची सळई तापते, भाताचा वरचा थर करपतो आणि खालचं पाणी कोमटच राहतं.

खात्री करायला साध्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या कपात कपभर पाणी घ्या, त्यात एक लाकडी चमचा किंवा आइस्क्रीमची काडी टाका, मोड मायक्रोवेव्ह आणि ताकद पूर्ण ठेवा. अडीच ते तीन मिनिटांत उकळी दिसली पाहिजे. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी बर्फासारखं येतं, तेव्हा अर्धं मिनिट जास्त धरा. उकळी आली तर मशीन शिजवायला समर्थ आहे, पुढे चला. पाच मिनिटांनीही पाणी नुसतं गरमच असेल तर मधलं सगळं सोडून सहाव्या मुद्द्यावर जा.

काडी कशासाठी, ते सांगते. गुळगुळीत नव्या कपात पाणी कधीकधी उकळण्याच्या वर तापतं, पण बुडबुडे येत नाहीत. मग चमचा घातला की एकदम उसळून हातावर येतं. काडी असली की बुडबुड्यांना धरायला जागा मिळते आणि पाणी शहाण्यासारखं उकळतं.

२. भांडं

मागच्या वर्षी पहिल्या मजल्यावर येवल्याचा एक मुलगा होता, अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये जायचा. त्याच्याकडे डब्यासारखा प्लास्टिकचा बाऊल, साधारण ९०० मिलिलिटरचा. त्यात तो वाटीभर इंद्रायणी आणि दोन वाट्या पाणी घालायचा, वरचं झाकण घट्ट लावायचा आणि पंधरा मिनिटं पूर्ण ताकदीवर सोडून आंघोळीला जायचा. परत येईपर्यंत झाकण एका बाजूला उडालेलं, निम्मी पेज ताटलीवर आणि उरलेल्या भातात कणी. पाणी बाहेर गेल्यावर तांदूळ शिजणार कशात? उतू जाणं आणि कच्चं राहणं हे दोन वेगळे दोष वाटतात, पण बहुतेक वेळा पहिल्यामुळेच दुसरा होतो.

तांदळातलं पिठूळ पाणी उकळलं की बुडबुडे साध्या पाण्यासारखे फुटत नाहीत, टिकतात आणि एकमेकांवर चढतात. गॅसवर आपण समोर उभे असतो, आच कमी करतो, झाकण सरकवतो. इथे दार बंद. म्हणून फेसाला चढायला जागा भांड्यातच ठेवावी लागते. माझा नियम असा की तांदूळ आणि पाणी घातल्यावर भांडं जेमतेम पाव भरलेलं दिसलं पाहिजे. वाटीभर तांदळाला दोन लिटरचा बाऊल. ऐकणाऱ्याला हे अती वाटतं. एकदा काचेतून फेस किती वर येतो ते बघा, मग वाटणार नाही.

आकारही महत्त्वाचा. लहरी अन्नात काही सेंटीमीटरच आत शिरतात, पुढे उष्णता हळूहळू सरकत जाते. उंच, अरुंद भांड्यात कडेचा भात कधीच शिजतो आणि मधल्याला उष्णता पोचेपर्यंत कडेचं पाणी संपतं. तळाशी साधारण १८ सेंटीमीटर रुंद आणि उभ्या काठाचा बाऊल घेतला तर वाटीभर तांदळाचा पाण्यासकट थर पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास होतो. मग वरून-खालून सारखं शिजतं. गोल भांडं चांगलं. चौकोनी डब्यात कोपरे आधी वाळतात.

कशाचं असावं? बोरोसिलिकेट काच सगळ्यात निश्चिंत. मायक्रोवेव्हला चालतं असं तळाशी लिहिलेलं प्लास्टिक चालतं, पण भाताला आणि तेलकट भाजीला मी ते टाळते, कारण वर्षभरात ते पांढुरकं होऊन खरबरीत होतं. लग्नात मिळालेल्या मेलामाइनच्या ताटल्या नकोत. त्या स्वतःच तापतात, अन्न गार राहतं आणि हात भाजतो. सोनेरी-चंदेरी काठाच्या बशीला ठिणगी पडते. स्टील, पितळ, तांबं यांना तर आत जागाच नाही. नाशिकच्या भांडी बाजारातून आईने हौसेने घेऊन दिलेला पितळी टोप एका मुलीने एकदा आत ठेवला होता. टोप वाचला, पण तिची चांगलीच गाळण उडाली.

भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं आत ठेवा, शेजारी कपभर पाणी ठेवा आणि पूर्ण ताकदीवर एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गार असेल तर चालेल. भांडंच तापलं तर नको. शेजारचं पाणी विसरू नका. आत काहीच शोषणारं नसेल तर लहरी परतून मशीनलाच त्रास देतात.

३. झाकण

इथे दोन टोकं दिसतात. काही जण झाकणच ठेवत नाहीत, त्यामुळे वाफ निघून जाते आणि वरचा थर वाळून टोचरा होतो. काही जण हवाबंद झाकण लावतात, वाफ कोंडते, झाकण उडतं किंवा दार उघडल्यावर तोंडावर येते.

झाकण सैल हवं, पण हवंच. काचेची ताटली बाऊलवर थोडी सरकवून ठेवली, एका बाजूला बोटभर फट राहिली, की काम झालं. छिद्राचं मायक्रोवेव्ह झाकण असेल तर छिद्र उघडं ठेवा. ॲल्युमिनियमची फॉइल अजिबात नको.

उकळी येईपर्यंत फट मोठी ठेवा, नंतर लहान करा. फेस पहिल्या टप्प्यातच सगळ्यात जास्त येतो. झाकण काढताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तुमच्यापासून लांब जाते. मनगटावर वाफेचा चटका बसलेली तीन मुलं मी पाहिली आहेत आणि तिघांनीही आपल्याकडची कड उचलली होती.

४. पाणी आणि वेळ

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. भांडं आणि झाकण सुधारूनही भात बिघडत असेल तर दोष याच टप्प्यात सापडतो.

सगळ्यांची चूक एकच: पूर्ण ताकद, एकच आकडा, पंधरा मिनिटं. पाण्याला उकळी आणायला पूर्ण ताकद हवी असते. उकळी आल्यावर तांदळाला मात्र जोर नको, सवड हवी. दाण्यात पाणी शिरायला वेळ लागतोच, जोर लावून तो फारसा कमी होत नाही. जोर लावला की पाणी तेवढं वाफ होऊन उडतं. म्हणून दोन टप्पे करायचे, आणि मग मुरवायचं.

आमच्याकडे चालणारं माप देते. मशीन ८०० वॅटचं. वाटी साधारण १८० मिलिलिटरची, म्हणजे वाटीत जवळजवळ १५० ग्रॅम तांदूळ मावतो. तांदूळ तीन पाण्यांतून चोळून धुवायचा. धुतल्याने वरची पिठी जाते आणि फेस निम्म्यावर येतो. मग शिजवण्यासाठी मोजलेलं पाणी घालून त्याच बाऊलमध्ये वीस मिनिटं ठेवायचा. भिजवलेलं पाणी ओतून नवं घालू नका, कारण दाण्याने किती पाणी प्यायलं हे कळत नाही आणि माप चुकतं. जुना कोलम असेल तर दोन वाट्या पाणी. घोटी-इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी असेल तर दीड ते पावणेदोनच. तो मुळातच चिकट, त्यात दोन वाट्या घातल्या की लापशी होते आणि मुलं म्हणतात मशीन वाईट. चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप घाला. तूप चवीला आहेच, पण फेसही दाबतं.

पहिला टप्पा: पूर्ण ताकद, चार ते पाच मिनिटं, फट मोठी. सबंध पृष्ठभागावर उकळी दिसली की थांबवा. मिनिटं मोजू नका, उकळी बघा. एकदा ढवळा.

दुसरा टप्पा: ५० टक्के ताकद, दहा मिनिटं, फट लहान. काही मशिनवर टक्के असतात, काहींवर थेट वॅट. ८०० च्या मशिनला ४०० च्या जवळचा आकडा निवडा. साध्या मशीनमध्ये ५० टक्के म्हणजे अर्ध्या ताकदीच्या लहरी नसतात. लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण चालतो, काही सेकंद थांबतो. कान देऊन ऐकलं तर घुर्र आवाज येतो-जातो. "काकू, मशीन मधेच बंद पडतं" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी हेच ऐकवते. त्या थांबण्यातच फेस खाली बसतो. इन्व्हर्टर तंत्राच्या मशीनमध्ये मात्र ताकद खरोखर कमी होते, तिथे आवाज सलग राहतो.

तिसरं, मुरवणं: मशीन बंद, दार बंद, झाकण जसंच्या तसं, आठ मिनिटं. या वेळात उरलेलं पाणी आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरते. मधली कणी इथे जाते. येवल्याच्या मुलाला हे पटत नव्हतं, भूक लागलेली असायची. मग मी एकाच बाऊलमधलं शीत बंद केल्याबरोबर चेपून दाखवलं, मधे पांढरा ठिपका. आठ मिनिटांनी पुन्हा शीत काढलं, ठिपका नाही. त्यानंतर तो टायमर लावून बसायला लागला.

मुरल्यावरही कणी लागली तर पूर्ण ताकद नको. दोन-तीन चमचे गरम पाणी शिंपडा आणि ५० टक्क्यांवर दोन मिनिटं द्या. पुढच्या वेळी दुसरा टप्पा दोन मिनिटांनी वाढवा. भात गिच्च झाला तर पाणी पाव वाटीने कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही.

मशीन ७०० वॅटचं असेल तर पहिला टप्पा मिनिटभर वाढतो. दोन वाट्या तांदूळ असेल तर उकळीला सात-आठ मिनिटं, मग ५० टक्क्यांवर बारा ते चौदा. दोन वाट्यांपुढे मायक्रोवेव्हच्या नादी लागू नका. बारा जणांचा भात करायला निघालेल्या मुलांना मी सरळ माझ्या कुकरकडे पाठवते.

उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून वाफ येईपर्यंत गरम करा. शिळ्या भातात वाढणाऱ्या जंतूंचं विष नंतर गरम करूनही जात नाही, म्हणून लवकर थंड करणं महत्त्वाचं.

मधेच, भाजी आणि अंडं

भाजीची तक्रार उलटी असते: फ्लॉवरचे तुरे वाळून चामट, दांडे कच्चे. दांडे बाहेरच्या कडेला, तुरे मधे असे गोल मांडा, कारण कडेला उष्णता जास्त मिळते. पाव किलोला दोन मोठे चमचे पाणी पुरतं. सैल झाकण, पूर्ण ताकद, चार मिनिटं, मधे एकदा हलवून, आणि दोन मिनिटं मुरू द्या. मीठ नंतर घाला, सुक्या भाजीवर आधी भुरभुरलं की तिथे डाग पडून वाळतं. बटाटा अख्खा ठेवणार असाल तर काट्याने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर सालीखाली वाफ कोंडून फुटतो.

अंडं कवचासकट कधीही नको. सोललेलं उकडलेलं अंडंही परत गरम करायला ठेवू नका. ते आत फुटलं नाही तरी ताटात घेतल्यावर किंवा दातांखाली फुटू शकतं, हे जास्त वाईट. करायचंच तर फोडून, फेटून, दोन चमचे दूध घालून बाऊलमध्ये, ५० टक्क्यांवर तीस-तीस सेकंदांनी, दर वेळी ढवळत. बलक अख्खा ठेवायचा असेल तर वरचं पातळ कातडं टूथपिकने दोन ठिकाणी टोचा, वर सैल ताटली ठेवा, पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंतच चालवा.

आणि द्राक्षं नकोत. नाशिक असल्यामुळे फेब्रुवारीत कुणीतरी मोबाइलवर बघून प्रयोग करतंच. दोन द्राक्षं एकमेकांना चिकटून ठेवली की मधे खरोखर जाळ पेटतो. माझ्या मशीनमध्ये नाही करायचा.

५. ताटली फिरते का, आतली बाजू स्वच्छ आहे का?

आत काही ठिकाणी उष्णता जास्त असते, काही ठिकाणी कमी. ताटली त्यासाठीच फिरते. बाऊल भिंतीला घासत असेल किंवा ताटलीखालच्या चाकांच्या कड्यात वाळलेलं शीत अडकलं असेल तर ताटली अडते आणि भाताची एकच बाजू शिजते. प्लग काढा, ताटली आणि कडं काढून कोमट पाण्याने धुवा, खालचा खळगा पुसा, परत बसवा. मधल्या खुंटीवर ताटली नीट बसली की नाही ते हाताने फिरवून पाहा.

आतल्या उजव्या भिंतीवर सहसा पत्त्याएवढा, पुठ्ठ्यासारखा तुकडा दिसतो. तो अभ्रकाचा असतो आणि लहरी त्यातून आत येतात. उतू गेलेली पेज त्यावर उडून वाळली, जळून काळी झाली, की तिथे ठिणग्या पडायला लागतात. ओल्या फडक्याने हलकेच पुसा, खरवडू नका, काढून टाकू तर नकाच. भोक पडलं असेल किंवा काळा डाग जात नसेल तर तो बदलावा लागतो. स्वस्त वस्तू आहे, पण मापाची हवी आणि बदलेपर्यंत मशीन बंद.

६. ताकद मोजायची

आता चौथं लक्षण: काल झालं, आज नाही. दुसऱ्या मजल्यावर हे महिनाभर चाललं. सकाळी डबा करणाऱ्या मुलींचा भात उत्तम, रात्री आठला करणाऱ्यांचा कच्चा. बाऊल तोच, तांदूळ तोच. दोन्ही बाजूंचं भांडण माझ्यापर्यंत आलं.

तेव्हा एका मुलीकडचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन बसलो. मोजमाप सोपं आहे. हलक्या प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी मोजून घ्या, ढवळून तापमान बघा, पूर्ण ताकदीवर बरोबर एक मिनिट चालवा, परत ढवळून बघा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा, की अंदाजे वॅट मिळतात.

सकाळी सातला पाणी २४ वरून ३५ वर गेलं. अकरा अंश, म्हणजे ७७० वॅट. ८०० च्या मशीनसाठी छान. रात्री आठला त्याच भांड्यात २५ वरून ३३. आठ अंश, ५६० वॅट. म्हणजे मशीन तेच, पण रात्री जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गायब.

इलेक्ट्रिशियनने सॉकेटवर मीटर लावला: सकाळी २२८ व्होल्ट, रात्री १९०. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनला व्होल्टेज उतरलं की ताकद त्याहून जास्त उतरते. आमच्या त्या मजल्याचे दोन्ही गिझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकाच फेजवर आले होते. त्याने भार वाटून दिला, मायक्रोवेव्हला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट केला. त्या रात्री मीटरवर २१५ आणि पाण्यात दहा अंश वाढ. भांडण मिटलं.

घरी हे करायचं असेल तर मोजणी तुम्ही करा, वायरिंगला हात लावू नका. एवढं मात्र स्वतः बघता येतं: मायक्रोवेव्ह एक्स्टेंशन बोर्डवर, मोबाइल चार्जर आणि मिक्सरच्या शेजारी असेल तर तो तिथून काढा. चालवल्यावर प्लगची पिन किंवा सॉकेट हाताला तापलेलं लागलं तर वापर लगेच थांबवा.

सकाळ-रात्र दोन्ही वेळा आकडा छापलेल्या वॅटच्या निम्म्यावर असेल तर दोष विजेचा नाही, मशीनचा आहे. मॅग्नेट्रॉन थकला असेल, नाहीतर उच्च दाबाच्या बाजूचा एखादा भाग गेला असेल. इथून पुढे आपलं काम नाही.

थांबा आणि कारागिराला बोलवा

या गोष्टी दिसल्या तर प्लग काढायचा आणि पुन्हा "एकदा बघू" म्हणून चालू करायचं नाही:

- पाचव्या मुद्द्यातला अभ्रकाचा तुकडा पुसल्यावरही ठिणग्या, किंवा आतल्या रंगाचे पोपडे निघून पत्रा दिसतो आहे.
- दार नीट बसत नाही, बिजागरी सैल, काचेला तडा, किंवा दाराची जाळी वाकलेली.
- दार उघडल्यावरही आतला घुर्र आवाज चालूच.
- दिवा लागतो, ताटली फिरते, पण पाणी तापत नाही. किंवा नेहमीपेक्षा जाडसर गुणगुण आणि जळका वास.
- बाहेरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. यात मशीनइतकंच घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

मागचा पत्रा स्वतः उघडू नका, अगदी प्लग काढलेला असला तरी. आत एक कपॅसिटर असतो, तो हजारो व्होल्टवर काम करतो आणि वीज बंद केल्यावरही भार धरून राहू शकतो. टीव्ही, मिक्सर घरी उघडणारा इंजिनिअरिंगचा मुलगा प्रत्येक वर्षी एक तरी असतो. त्याला मी स्क्रूड्रायव्हर देत नाही. कारागीर आला तर त्याला लक्षण सांगा, पाण्याच्या मोजणीचे दोन्ही आकडे द्या, आणि दाराचं काम केलं असेल तर लहरींची गळती मीटरने तपासून घ्यायला सांगा.

खरोखर बिघडलेल्या दोन मशिनपैकी एकाचा मॅग्नेट्रॉन बदलला, ते अजून चालतं. दुसऱ्याचं दार कुणीतरी ढकलून वाकवलं होतं, दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर गेली, म्हणून काढून टाकलं. त्याची काचेची ताटली आणि चाकांचं कडं मात्र धुऊन ठेवलं आहे. पहिल्या मजल्यावरच्या मशीनची खुंटी त्याच आकाराची आहे, मी बसवून पाहिलंय.